आयफोन एक्स की एक्सएस? कॅमेरा सोडा, खालची कड बघा

प्रश्न: दोन वेगवेगळ्या जाहिरातीतले फोटो टाकलेत. दोन्ही सिल्व्हर, दोघंही विकणारे एक्सएसच म्हणतात, दोघंही नागपूरचे. मला दुसऱ्या फोटोतला नवीन वाटतोय कारण त्याचा कॅमेरा मोठा दिसतो. बरोबर आहे का? कोणता घेऊ?

भाऊ, आधी उत्तर सांगतो मग कारण. फोटोवरून पहिला एक्सएस दिसते आणि दुसरा साधा आयफोन एक्स, म्हणजे तुम्हाला वाटते त्याच्या बरोबर उलट. इथं नागपूरच्या बर्डीत जुने फोन घेण्या-विकण्याचा आणि उघडून बसवण्याचा धंदा आहे माझा, त्यामुळे ही जोडी हातातून लय गेली, आणि गिऱ्हाईक दरवेळी कॅमेऱ्याकडेच बोट दाखवते. कॅमेरा हा यातला सगळ्यात कच्चा पुरावा आहे, काहून ते खाली सांगतो.

तुमची खरी अडचण अशी की हे दोन फोन ॲपलनेच मुद्दाम सारखे ठेवलेत. एक्स आला २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, एक्सएस २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे वर्षभराचंही अंतर नाही. दोघांची लांबी १४३.६ मिमी, रुंदी ७०.९, जाडी ७.७, सगळं सेम. स्टीलची फ्रेम सेम, मागे काच सेम, लोगो त्याच जागी, खाली iPhone लिहिलेलं तेही तसंच, समोर नॉच तशीच. वजनात ३ ग्रॅमचा फरक आहे पण तो काही फोटोत दिसत नाही. रंगाने सुटका होते ती फक्त गोल्डमध्ये, कारण एक्स गोल्डमध्ये निघालाच नाही, तो सिल्व्हर आणि स्पेस ग्रे एवढाच होता. तुमचे दोन्ही सिल्व्हर निघाले म्हणजे तो रस्ता बंद.

आता कॅमेऱ्याचं. एक्सएसचा कॅमेऱ्याचा उंचवटा एक्सपेक्षा मोठा आहे हे खरं आहे, पण किंचित, इतका किंचित की एक्सचं एखादं टाइट कव्हर एक्सएसला घातलं तर तिथे अडल्यासारखं वाटते तेव्हा कळते. एवढा फरक मोबाईलने काढलेल्या फोटोत पकडायचा म्हणजे फोटो एकदम सरळ, एकाच अंतरावरून पाहिजे. आणि विकणारे फोटो कसे काढतात तर एका हातात विकायचा फोन, दुसऱ्या हातात स्वतःचा, वीतभर अंतरावरून, थोडा तिरपा. मोबाईलची लेन्स वाइड असते, तिच्या जवळ जे येईल ते फुगते, लांब जे जाईल ते आक्रसते. वरचा भाग जवळ आला की कॅमेरा आपोआप मोठा.

तुमच्या फोटोवर हे तपासून बघा, अवघड नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर दुसरा फोटो उघडा आणि साधी पट्टी लावा. मी माझ्या स्क्रीनवर मोजलं तर फोनची वरची कड ६२ मिमी आली आणि खालची ५४. खरा फोन वर-खाली सारखाच रुंद असते ना, मग इथं ८ मिमी कुठं गेले? फोटो तिरपा आहे, वरची बाजू लेन्सच्या जवळ होती. पहिल्या फोटोत वर ५८, खाली ५८, म्हणजे तो बऱ्यापैकी सरळ काढलाय. आता कॅमेऱ्याच्या उंचवट्याची रुंदी घ्या, दुसऱ्यात ११ मिमी, पहिल्यात सव्वादहा. नुसते आकडे बघितले तर दुसरा मोठा, आणि तेच तुम्हाला दिसलं. पण प्रत्येकाला त्याच्याच वरच्या कडेने भागा. ११ भागिले ६२ आणि सव्वादहा भागिले ५८, दोन्ही ०.१७७ च्या आसपास येतात. म्हणजे कॅमेरा मोठा नाही, फोटोचं अख्खं वरचं टोकच मोठं आलंय. आणि उलटाही अर्थ काढू नका की चला मग दोन्ही सारखेच, कारण पट्टीने अर्धा मिमी इकडं तिकडं होणारच आणि खरा फरक त्या चुकीपेक्षा जास्त नाही. या फोटोंवरून कॅमेरा काहीच सांगत नाही, एवढंच धरा आणि पुढं चला. (वरच्या आणि खालच्या कडेची ही तपासणी कुठल्याही दोन फोटोंना लावता येते, मी तर माप घ्यायच्या आधी नेहमी हेच बघतो.)

मग बघायचं काय? खालची कड, जिथं चार्जिंगचं पोर्ट आहे. एक्समध्ये पोर्टच्या दोन्हीकडे सहा-सहा भोकं आहेत, एकदम सारखी. एक्सएसमध्ये उजवीकडे सहा आणि डावीकडे तीनच, आणि त्या तीनच्या बाजूला स्टीलमध्ये एक बारीक आडवी फट दिसते, ती प्लास्टिकची ॲन्टेनाची रेघ. वरच्या कडेलाही तशीच एक रेघ आहे जी एक्सला नाही. एक्सला रेघा फक्त दोन्ही बाजूंच्या उभ्या कडांना आहेत.

हे का झालं ते समजलं की लक्षात ठेवावं लागत नाही. स्टीलच्या फ्रेममधून रेडिओच्या लहरी जात नाहीत, म्हणून फ्रेमचेच तुकडे पाडून त्यांचा ॲन्टेना करतात आणि तुकड्यांच्या मधी प्लास्टिक भरतात, ती ही रेघ. एक्सएसमध्ये फोरजीचा स्पीड वाढवायला चार ॲन्टेना एकाच वेळी वापरायची सोय दिली, त्याला ४x४ मायमो म्हणतात, एक्समध्ये ती नव्हती. ॲन्टेना वाढले म्हणून फ्रेमला नवीन जागी कापावं लागलं आणि त्या जागेवर भोकं होती, ती गेली. गेली ती डावीकडचीच, कारण आवाज येणारा खालचा स्पीकर उजवीकडे आहे, तिथली भोकं बुजवली तर आवाजच दबेल. डावीकडे माइक आहे, त्याला एवढ्या भोकांची गरज नाही, बाकीची जोडी जुळवायला म्हणूनच होती. जे दिखाव्याचं होतं ते कामापुढे गेलं.

यातच नवीन-जुनं ओळखायचं एक सूत्र लपलेलं आहे. समजा तुम्हाला दोन्ही मॉडेलचं काहीच माहीत नाही, फक्त दोन कडा समोर आहेत, एक दोन्हीकडे सारखी, एक लंगडी. नवीन कोणती? माझं मत लंगडी. डिझाइन करणारा पहिल्यांदा काढतो ते दोन्हीकडे सारखं काढतो, कोणी आपणहून सहा आणि तीन काढत नाही. ते बिघडते तेव्हाच जेव्हा मागाहून आत काहीतरी घुसवावं लागते आणि बाहेरची बॉडी तीच ठेवायची असते. म्हणून बॉडी सेम आणि एक कोपरा उगाच वेगळा दिसला की तो वेगळा कोपरा बहुतेक नंतरचा. लोकं उलट विचार करतात की जे नीटनेटकं दिसते ते नवीन, आणि तिथंच फसतात.

पण हे सूत्र नेहमीच चालेल असंही नाही. आयफोन ८ आणि २०२० चा एसई शेजारी ठेवा. बॉडी तीच, पण एसईच्या मागे लोगो बरोबर मध्यात आहे आणि खालचं iPhone हे अक्षर गायब, म्हणजे नवीन फोन जास्त साफ दिसते. तिथं आत काही घुसवलं नव्हतं, ॲपलने २०१९ च्या आयफोन ११ पासून लोगो मध्यात घ्यायचं ठरवलं आणि तेच जुन्या बॉडीवरही उतरवलं. म्हणून बदल दिसला की आधी विचारा, हा आतल्या कामामुळे झाला की कंपनीने एकूणच काही बदललं म्हणून. कामामुळे असेल तर लंगडी बाजू नवीन, कंपनीचा नियम बदलला असेल तर तो नियम कधीपासून लागला ते बघायचं. तुमच्या जोडीत पहिला प्रकार आहे.

आता तुमच्या फोटोत खालची कड कुठं आहे ते. पहिल्या जाहिरातीतला तिसरा फोटो, टेबलावर फोन पडलेला आहे त्यात कड दिसते. भोकं मोजता येत नाहीत, व्हॉट्सॲपवरून येता येता फोटो इतका दाबला गेलाय की भोकं एकमेकांत मिसळून काळी पट्टी झाली. असं झालं की भोकं मोजायच्या नादी लागू नका, पट्टीची लांबी बघा. सहा भोकांत मधली अंतरं पाच असतात, तीन भोकांत दोनच, म्हणून तीनची पट्टी सहाच्या निम्म्याहून जराशी आखूडच भरते. त्या तिसऱ्या फोटोत पोर्टच्या एका बाजूची पट्टी दुसरीच्या निम्म्याहून कमीच आहे, डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या जाहिरातीत कड दिसणारा एकच फोटो आहे, त्यात दोन्ही पट्ट्या सारख्या. बस, माझं उत्तर इथून आलं.

यात दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो, ते सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे डावं-उजवं. पहिल्या जाहिरातीतल्या टेबलावरच्या फोटोत आखूड पट्टी उजवीकडे आहे आणि मी वर डावीकडे म्हणालो, मग खोटा फोन का? नाही. डावं-उजवं हे स्क्रीन तुमच्याकडे असताना धरायचं. टेबलावर फोन पालथा ठेवलाय, स्क्रीन खाली आहे, म्हणून बाजू उलटली. शिवाय सेल्फी कॅमेऱ्याने आरशासारखा काढलेला फोटो असेल तर अजून एकदा उलटते. म्हणून मी बाजू पक्की धरून बसत नाही, मी बघतो की दोन पट्ट्या सारख्या आहेत की नाहीत. फोटो कसाही उलटा करा, सारख्याच्या असमान होत नाहीत आणि असमानच्या सारख्या होत नाहीत.

दुसरं, स्क्रू. पोर्टच्या दोन्ही अंगाला एकेक बारका स्क्रू आहे, पाच पाकळ्यांचा, लांबून तो भोकासारखाच दिसते. तो मोजला की तीनचे चार आणि सहाचे सात होतात आणि मग लोकं म्हणतात की हे तर कुठल्याच मॉडेलला जुळत नाही. पोर्टला चिकटून जे पहिलं गोल दिसते ते सोडा आणि त्याच्या पुढून मोजा.

तिसरं, चमक. सिल्व्हरची फ्रेम आरशासारखी पॉलिश केलेली असते, आणि आपल्या नागपुरात लोकं भर दुपारी गच्चीवर फोटो काढतात, उन्हाने अख्खी कड पांढरी होऊन जाते, मग अर्धी भोकं चकाकीत बुडतात. अशा फोटोत सहाची पट्टीसुद्धा आखूड दिसू शकते, म्हणजे एक्सचा एक्सएस होतो, आणि आपल्याला महागात पडते ते हेच. ॲन्टेनाची रेघ तर सिल्व्हरमध्ये फ्रेमच्याच रंगाची असते, चकाकीत ती दिसतच नाही, म्हणून रेघ दिसली तर पक्का पुरावा पण नाही दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. टेबलावरच्या त्या फोटोत चकाकी कमी आहे, खोलीतला उजेड आहे, आणि आखूड पट्टी संपते तिथं पुढे स्टील स्वच्छ दिसते, म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवला. तरी रेघ मला त्यात नीट दिसली नाही, म्हणून "दिसते" म्हणतोय, शंभर टक्के म्हणत नाही.

आता अजून एक गोष्ट जी फोटो कितीही चांगला असला तरी सांगू शकत नाही. फोटो बॉडीचा असते, आतल्या बोर्डचा नाही. जुन्या फोनच्या बाजारात हाऊसिंग बदलणं हा रोजचा प्रकार आहे, म्हणजे फ्रेम आणि मागची काच सगळीच नवीन टाकतात. एक्सआरला १३ प्रोसारखं दिसणारं हाऊसिंग घालून विकतात हे तर तुम्ही ऐकलंच असेल. म्हणून कड बघून मी एवढंच म्हणतो की बॉडी एक्सएसची आहे. आणि त्याच्याही आधी हे बघायचं की जाहिरातीतले सगळे फोटो एकाच फोनचे आहेत का. पहिल्या जाहिरातीत मागच्या फोटोत सायलेंटच्या बटणाखाली फ्रेमला एक छोटा ठोका पडलेला दिसते, आणि टेबलावरच्या फोटोतही त्याच जागी तोच ठोका आहे, म्हणून ते फोटो एकाच पीसचे आहेत. दुसऱ्या जाहिरातीत असा धागा मला सापडला नाही, मागचा फोटो एकदम कोरा, कड दिसणाऱ्या फोटोत फ्रेमला ओरखडे. कोरा फोटो नेटवरून उचललेला असू शकतो. ठोका-ओरखडा दिसला की लोकं नाक मुरडतात, मला तर जुन्या फोनच्या फोटोत ओरखडा दिसला की बरं वाटते, त्याच्यावरून फोन ओळखू येते.

फोटोच्या फाइलवरची तारीख बघून काही काढू नका, ती फार तर फोटो कधी काढला ते सांगते, फोन कधीचा ते नाही.

मग पुढं काय करायचं. दोघांनाही मेसेज टाका की खालच्या कडेचा एक फोटो पाठवा, स्क्रीन वरच्या बाजूला ठेवून, कव्हर काढून, सावलीत, फ्लॅश बंद, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे तो दाबला जात नाही, भोकं सुटी दिसतात. जो विकणारा एवढं करायला कां-कूं करते त्याच्याकडे जायचा पेट्रोलचा खर्चही करू नका.

फोटो आले की दोन्ही सारख्या मापाचे करून घ्या. चार्जिंगचं पोर्ट दोन्ही मॉडेलमध्ये एकच लायटनिंग आहे, रुंदी सेम, म्हणून तेच माप धरा. एक फोटो इतका झूम करा की त्यातलं पोर्ट दुसऱ्यातल्या पोर्टएवढं होईल, मग गॅलरीत एकामागून एक पुढं-मागं सरकवा. जे जागेवर राहते ते सेम, जे उडी मारते तिथं फरक. डोळ्याला शेजारी-शेजारी ठेवलेल्या फोटोंपेक्षा ही उडी लवकर कळते, मी दुकानात असंच करतो.

आणि भेटायला गेलात, समजा सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर भेटलात, तर हातात घेऊन चार गोष्टी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. सेटिंगमध्ये Settings → General → About उघडा, तिथं मॉडेल नंबरवर एकदा बोट दाबलं की A ने सुरू होणारा नंबर येते. एक्सचा A1865, A1901 किंवा A1902 असते, एक्सएसचा A1920, A2097, A2098, A2099 किंवा A2100. मग सिमचा ट्रे बाहेर काढा आणि त्या खाचेत टॉर्च मारून बघा, आत वरच्या बाजूला बारीक अक्षरात तोच A नंबर छापलेला असते. स्क्रीनवरचा नंबर आतल्या बोर्डचा, खाचेतला नंबर बॉडीचा. दोन्ही जुळले तर बॉडी आणि बोर्ड एकाच मॉडेलचे, नाही जुळले तर हाऊसिंग बदललेलं आहे. खाचेत नंबरच नसेल तर बहुतेक बाहेरचं हाऊसिंग.

तिसरी गोष्ट, डायल करून `*#06#` दाबा. एक्सएसमध्ये एक सिम आणि एक ई-सिम चालते म्हणून दोन आयएमईआय नंबर दिसतात, एक्समध्ये एकच. चीनच्या बाजारासाठी निघालेल्या एक्सएसमध्ये ई-सिम नसते, म्हणून तिथं एकच नंबर दिसला म्हणून लगेच भांडू नका, A नंबर बघा. चौथी गोष्ट सगळ्यात सोपी, त्याच About मध्ये आयओएसची आवृत्ती बघा. एक्स १६ च्या पुढं जातच नाही, एक्सएस १८ पर्यंत जाते. आवृत्ती १७ किंवा १८ दिसली तर तो एक्स नाहीच. १६ दिसली तर मात्र काही ठरत नाही, एक्सएसवर कोणी अपडेट केलंच नसेल. जाहिरातीत या पानाचा स्क्रीनशॉट टाकलेला असला तरी त्याच्यावर जाऊ नका, तो दुसऱ्या फोनचा असू शकते, स्वतःच्या बोटाने उघडून बघा.

"कोणता घेऊ" याचं उत्तर भावावर आहे. एक्स आता १६ वर अडकलेला आहे, आणि एक्सएसलाही आयओएस २६ मिळालं नाही, तो १८ वर थांबला, म्हणजे दोघंही रांगेच्या शेवटीच आहेत, फक्त एक जरा पुढे. एक्सएस पाण्याला जरा जास्त टिकणारा म्हणून निघाला होता, एक्स आयपी ६७ आणि एक्सएस आयपी ६८, पण एकदा उघडलेल्या फोनमध्ये त्या आकड्याला अर्थ राहत नाही, आणि इतका जुना फोन बॅटरीसाठी बहुतेक एकदा तरी उघडलेला असते. म्हणून मी तरी एक्ससाठी एक्सएसचा भाव देणार नाही. पहिल्याला आधी भेटा. दुसऱ्याला खालच्या कडेचा फोटो मागा, आणि त्यात सहा-सहा भोकं निघाली तर त्याला सरळ म्हणा की भाऊ हा एक्स आहे, एक्सचा भाव सांगत असाल तर बोलू.